माहितीपत्रकाची चौकट रविवारपर्यंत भरा

सभासदहो, प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकाच्या वरच्या चौकटीत हे हवेच:

- पात्रता
- कागदपत्रे, पर्यायांसह
- मुदत आणि शासन निर्णयाची तारीख
- आपण पडताळणी केल्याचा दिवस

शेवटची ओळ कुणीही गाळू नका. लाडकी बहीण योजनेचंच बघा. जून २०२४ च्या निर्णयात वय २१ ते ६० आणि मुदत १५ जुलै होती. काही दिवसांतच वय ६५ आणि मुदत ३१ ऑगस्ट झाली. अधिवास दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्डही चालू लागलं. जुनं पत्रक वाचून बासष्ट वर्षांची मावशी घरीच बसली असती.

तळाशी ठळक लिहा: ‘अर्जापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर किंवा अंगणवाडी सेविकेकडे खात्री करा.’