दूध पाजताना लागणारी तहान-भूक

प्रिय मंजू,

तुझं पत्र वाचलं. आधी एक सांगते, तू खादाड झालेली नाहीस. बाळाने तोंड लावताच घशाला कोरड पडते आणि पाजून झालं की पोटात आग पडते, असं लिहिलंस ना? दोन्ही गोष्टी लागोपाठ येतात, पण कारणं वेगळी आहेत.

तहानेचं बघ. दिवसात आठ-नऊ वेळा पाजतेस, म्हणजे एका वेळेला बाळाच्या पोटात साधारण 80-90 मिली दूध जातं. त्यात बहुतेक पाणीच असतं, 100 मधले 87 भाग. तरी गेलं किती? अर्धा पेलाही नाही. एवढ्याने कुणाचा जीव असा कासावीस होत नाही. शिवाय तुला तहान लागते ती बाळ चोखायला लागल्यावर लगेच, फारसं दूध जायच्या आधीच. चोखण्याचा संदेश मेंदूला पोचतो, ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, पान्हा फुटतो आणि त्याच सुमारास तहानही जागी होते. तूट पडेपर्यंत शरीर थांबतच नाही! म्हणून पाण्याची बाटली बाळाला घेण्याआधीच हाताशी ठेव. एकदा ते छातीशी लागलं की उठता येत नाही.

भूक मात्र खरोखरच्या खर्चाची आहे. दिवसभरात 750 मिलीच्या आसपास दूध येतं, त्यात सुमारे 500 कॅलरी जातात आणि ते तयार करायला लागणारी ऊर्जा वेगळी. थोडा भाग गरोदरपणात साठलेल्या चरबीतून निघतो, बाकीचा जेवणातूनच भरावा लागतो. दुधातली साखरही तुझ्याच रक्तातल्या साखरेपासून बनते, रोज 50 ग्रॅमच्या आसपास. पहाटेच्या पाजण्यानंतर तुला सगळ्यात जास्त भूक लागते, त्याचं मला नवल वाटत नाही. रात्रीचं जेवण होऊन कितीतरी तास झालेले असतात, दूध मात्र रात्रभर तयार होतच असतं. तेव्हा उशाशी खायला काहीतरी ठेव आणि संकोच न करता खा. वजन उतरवायच्या नादात जेवण तोडू नकोस, आणि भात-पोळी पूर्ण बंद करण्याचा प्रकार तर या दिवसांत मुळीच नको.

जास्त पाणी प्यायलं की जास्त दूध येतं, असं कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नकोस. तहान भागेल इतकं पुरे. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय. गडद झाली तर वाढव.

आता तू कळवायचंस ते. तुझी तहान पाजण्याशी बांधलेली आहे की दिवसभर शमतच नाही? सारखं भरपूर लघवीला जावं लागतं का, रात्रीसुद्धा? तसं असेल तर रक्तातली साखर तपासून घे, गरोदरपणात ती वाढली होती तर नक्कीच. आणि खाऊनही वजन झपाट्याने उतरत असेल, छाती धडधडत असेल, हात थरथरत असतील तर थायरॉइडची तपासणी कर. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत तो बिघडू शकतो आणि 'दमलेय म्हणून होतंय' असं समजून बायका अंगावर काढतात. यातलं काहीही जाणवत असेल तर पत्राची वाट बघू नकोस, फोन कर.

तुझी,
नीला