रात्रीच्या वाचनासाठी: आधी दिवा, मग अक्षर

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की रात्री किंडलवर अक्षरं फिकट दिसतात, म्हणून तुम्ही उजेडाची पट्टी अठरापर्यंत नेता, आणि मग अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी येतं. आईचं म्हणणं वेगळं: बाजूला एवढा पांढरा उजेड असला की तिला झोप लागत नाही. तुमच्या दोघांच्या तक्रारीचं मूळ एकच आहे. अक्षर बारीक आहे, आणि ते भरून काढायला आपण उजेड वाढवतो. घाईघाईत फोनवर सांगण्यापेक्षा सगळं नीट लिहून पाठवते. तुमचं ते किंडल पेपरव्हाइट हातात घेऊनच वाचा.

या पडद्यातला उजेड मोबाइलसारखा मागून डोळ्यांवर येत नाही. पडद्याच्या खालच्या कडेला बारीक एलईडी ओळीने बसवलेले असतात. काही पांढरे, काही पिवळसर. त्यांचा उजेड एका पारदर्शक थरातून पानभर पसरतो, पानावर पडतो आणि तिथून उलटून आपल्याकडे येतो. म्हणजे टेबलावरच्या दिव्याखाली पुस्तक वाचण्यासारखंच. त्यामुळे उजेड वाढवला की पान उजळतं, पण अक्षर त्यामुळे जास्त काळं होत नाही. काळ्याचा आणि पानाचा आपसातला फरक जवळजवळ तेवढाच राहतो. त्यातून किंडलच्या ई-इंक पडद्याचं पान मुळात पांढरंशुभ्र नसतं, करड्याकडे झुकणारं असतं. म्हणून अठराला नेऊनही तुमचं समाधान झालं नाही. अक्षराची रेघ जाड केली की मात्र पानावर खरोखरच जास्त काळं उतरतं, आणि मंद उजेडात डोळ्याला तेच हवं असतं.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी पिवळेपणा, मग उजेड, आणि सगळ्यात शेवटी अक्षराची जाडी. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागेल, कारण पिवळेपणा वाढवला की पान अंधारल्यासारखं वाटतं.

पण त्याही आधी खोलीतला दिवा बघायला हवा. पाचपाखाडीच्या घरात तुमच्या उशापाशी अजून तोच निळसर पांढरा बल्ब आहे ना? त्याच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं. असल्या उजेडात किंडलचं पान पिवळं केलं तर ते हळद सांडल्यासारखं दिसतं आणि तुम्ही लगेच मागे घेता. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात २७०० किंवा ३००० केचा ‘वॉर्म व्हाइट’ बल्ब मागा, तीन ते पाच वॅटचा पुरे. तो डोक्याच्या मागे, खांद्याच्या बाजूला लावा. समोर लावला तर पडद्यावर त्याचं प्रतिबिंब पडेल. पूर्ण अंधारात फक्त किंडलच्या उजेडावर वाचू नका. चहूकडे काळोख आणि मधे एक उजळ चौकोन असला की तोच उजेड डोळ्यांना टोचतो.

आता पिवळेपणा. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा. दोन पट्ट्या दिसतील, `Brightness` आणि `Warmth`. दोन्ही ० ते २४. आकडा पाठ करण्यापेक्षा एक सोपी पद्धत वापरा. मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेलं एखादं जुनं, पानं जरा पिवळी पडलेलं पुस्तक त्याच दिव्याखाली किंडलच्या शेजारी धरा. `Warmth` हळूहळू वाढवत जा आणि दोन्ही पानं साधारण एका रंगाची दिसली की थांबा. नव्या बल्बखाली हे बहुधा १२ ते १६ च्या दरम्यान येईल. २४ पर्यंत नेऊ नका. तिथे पान नारिंगी होतं आणि काळं अक्षर त्यात बुडाल्यासारखं दिसतं.

मग पुस्तक तसंच शेजारी ठेवून `Brightness` आठवर आणा आणि एकेक पायरी खाली या. किंडलचं पान पुस्तकाच्या पानाहून उजळ दिसेनासं झालं की तोच तुमचा आकडा, पाच-सहाच्या आसपास असेल. पहिली दोन मिनिटं कमी वाटेल. लगेच वाढवू नका, डोळे मंद उजेडाला सरावायला थोडा वेळ घेतात, आणि वयाबरोबर तो वेळ वाढतो. झोपेच्या दृष्टीने निळसर उजेड मेंदूला दिवस असल्याचा इशारा देतो हे खरं, पण उजेड एकूण किती आहे यालाही तितकंच महत्त्व आहे. `Warmth` वीसवर आणि `Brightness` अठरावर ठेवून झोपेची सोय होत नाही, आणि आईची तर मुळीच नाही.

`Warmth` च्या पट्टीजवळ `Schedule` आहे. त्यात सूर्यास्ताप्रमाणे आपोआप बदलण्याची सोय आहे, पण ती घेऊ नका. ठाण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातनंतर, तुमच्या झोपेची वेळ मात्र बदलत नाही. स्वतः वेळ घाला: रात्री ८:३० ते सकाळी ६. रंग आपोआप बदलेल, उजेड मात्र तुम्हालाच कमी करावा लागेल.

आता खरं काम. पुस्तक उघडून पानाच्या वरच्या भागावर एकदा टेकवा, `Aa` दिसेल. त्यात `Font` मध्ये `Bold` आणि `Size` अशा दोन पट्ट्या आहेत. बहुतेक लोक फक्त `Size` वाढवतात. बाबा, तुम्हीही तेच केलंय. पण अक्षर मोठं केलं की ओळीत चार-पाचच शब्द मावतात, पान सारखं उलटावं लागतं, आणि रेघ मात्र मंद उजेडात बारीकच वाटते. म्हणून `Size` आताच्यापेक्षा एक पायरी कमी करा आणि `Bold` दोनवर आणा.

`Bold` किती वाढवायचं याला मर्यादा आहे, आणि मराठीत ती इंग्रजीपेक्षा लवकर येते. ही पट्टी अक्षराची नवी, जाड आकृती आणत नाही, आहे त्याच रेघा सगळीकडून फुगवते. इंग्रजी अक्षरात आत मोकळी जागा भरपूर असते, आपल्या अक्षरांत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार अशी गर्दी असते. रेघा फुगल्या की आतली जागा बुजते. हे ओळखायला चार ठिकाणं बघा. ‘ब’ च्या पोटातली तिरकी रेघ वेगळी दिसते का, की तो ‘व’ सारखा भरीव ठिपका झालाय? ‘ष’ आणि ‘प’ झटकन ओळखू येतात का? ‘ध’ वरची आणि ‘भ’ वरची शिरोरेषेतली फट उघडी आहे का? ती बुजली की ‘धर’ चं ‘घर’ आणि ‘भरून’ चं ‘मरून’ वाचलं जातं, आणि वाक्य अडखळतं. शेवटी ‘मूर्तींची’ असा एखादा शब्द शोधा, त्यात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून येतात. तिथे ठिपका सुटा दिसला पाहिजे. यातलं एक जरी बुजलं तर एक पायरी मागे या. माझ्या मते मराठीला दोन, फार तर तीन. इंग्रजी पुस्तकाला तीन-चारही चालेल.

दोननेही भागलं नाही तर पट्टी आणखी ओढण्यापेक्षा मुळातच जाड आखलेला फाँट घालावा. ‘मुक्ता’ नावाचा देवनागरी फाँट मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट आखणाऱ्या संस्थेने केलाय, तो मोफत मिळतो आणि सात जाड्यांत आहे. त्यातला मीडियम घ्या. आखणाऱ्याने जाडी वाढवताना आतली जागाही सांभाळलेली असते, म्हणून तो बुजत नाही. फाइल मी पाठवते. किंडल केबलने लॅपटॉपला जोडलं की `fonts` नावाचा फोल्डर दिसेल, त्यात टाकायची. मग `Font` च्या यादीत तो निवडा आणि `Bold` शून्यावर आणा. पण एखाद्या पुस्तकात प्रकाशकाने स्वतःचाच फाँट पक्का बसवलेला असला, तर तो बदलणार नाही.

तिथेच `Layout` मध्ये ओळींमधलं अंतर मधल्या पायरीवर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात. `Alignment` डावीकडे करा. दोन्ही कडा सरळ ठेवायला गेलं की आपले लांब शब्द मोडत नाहीत आणि ओळीत मोठाल्या फटी पडतात.

आई, तुझ्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या. तुझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघालाय, डाव्याचा राहिलाय. मोतीबिंदूने पिवळी पडलेली जुनी भिंग काढून स्वच्छ भिंग बसवली की निळा उजेड जास्त आत येतो, म्हणून तेच पान उजव्या डोळ्याने निळसर आणि डाव्याने मळकट पिवळं दिसतं. ते किंडलचं बिघडणं नव्हे. पुस्तकाशेजारी धरून रंग जुळवताना डावा डोळा मिटून उजव्याने बघ. तुला बाबांपेक्षा दोन-तीन पायऱ्या जास्त `Warmth` लागेल.

दुसरं, तुझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. त्यात जवळचं दिसणारा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. उशीवर आडवी पडलीस की तू वरच्या भागातून बघतेस, आणि तिथून कुठलाही फाँट धूसरच दिसणार. आधी उठून बसून, पुस्तक हातभर अंतरावर न धरता ३५-४० सेंटिमीटरवर धरून वाच. बसून स्पष्ट आणि आडवं पडून धूसर, असं असेल तर जाडी वाढवून उपयोग नाही. पाठीमागे दोन उशा घे, किंवा रात्रीसाठी फक्त वाचनाच्या नंबरचा साधा चष्मा करून घे.

दोघांच्या जाड्या वेगळ्या येतील, तर `Aa` मधल्या `Themes` मध्ये आपापल्या नावाने जपून ठेवा. पण त्यात फक्त अक्षर आणि मांडणी साठते. उजेड आणि पिवळेपणा दोघांचा सामाईकच राहतो, तो हाती घेणाऱ्याने बदलायचा.

बाबा, तुमची ती जुनी स्कॅन केलेली पुस्तकं पीडीएफ आहेत, म्हणजे पानांचे फोटोच. त्यांत `Bold` ची पट्टी दिसणारच नाही, शोधत बसू नका. तिथे `Aa` मध्ये `Contrast` येतं, ते गडद बाजूला न्या आणि किंडल आडवं धरा. तरी रात्री ती वाचू नयेत असंच मला वाटतं, दुपारी खिडकीपाशी वाचा.

पांढरी अक्षरं काळ्या पानावर आणणारं `Dark Mode` नको. ज्यांना सिलिंडर नंबर आहे त्यांना पांढऱ्या अक्षराभोवती झाक दिसते, आणि तुम्हा दोघांनाही तो आहे. आणि आधीच्या पानाचे पुसट ठसे उरत असतील तर सेटिंग्जमध्ये `Page Refresh` चालू करा.

रात्री डोक्याला खोबरेल लावून लगेच किंडल हातात घेता, त्याचे बोटांचे डाग पडद्यावर उजेड विखुरतात आणि पान धुरकट होतं. चष्म्याच्या कोरड्या फडक्याने पुसा, पाणी किंवा कोलीन नको. आधी हे पुसा आणि मगच आकडे लावा. चार रात्री एकच आकडा ठेवा, आणि पुढच्या रविवारी मला तीन गोष्टी सांगा: `Warmth`, `Brightness`, `Bold`. आणि ‘मूर्तींची’ मधला ठिपका दिसला का, तेही.

तुमची लेक