झाशीच्या राणीचं स्क्रिप्ट आणि बाबांचा घोडा

सिडनी, रविवार रात्र

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

फोनवर बोलताना बाबा म्हणाले की रेडिओचं काय ते नीट लिहून पाठव, फोनवर काही कळत नाही, म्हणून हे पत्र. मोठं होणार आहे, आईला वाचून दाखवा.

इथल्या मराठी कार्यक्रमात मला लक्ष्मीबाईंवर दहा मिनिटं बोलायचंय. कार्यक्रम बघणाऱ्या काकूंनी एकच अट घातली, जे जे सांगशील त्याच्या पुढे मार्क कर की हे कागदावर आहे का परंपरेने आलंय. आधीच्या एका भाषणानंतर दोन श्रोत्यांची इतकी वादावादी झाली होती की काकूंनी धसकाच घेतलाय. मला वाटलं सोपं आहे, समासात 'नों' आणि 'प' लिहायचं, नोंद आणि परंपरा, संपलं. पण रेडिओवर समास दिसत नाही ना! ऐकणाऱ्याला कसं कळणार कुठलं वाक्य कुठल्या खात्यातलं? पहिल्यांदा मी परंपरेच्या वाक्याआधी छोटी घंटी वाजवली, ते ऐकून काकू म्हणाल्या आरती सुरू झाल्यासारखं वाटतंय. मग प्रत्येक वाक्यात 'म्हणे' घालून बघितलं, राणीसाहेब म्हणे घोड्यावर बसल्या, म्हणे तलवार घेतली, तर सगळं भाषण शेजारणीच्या गप्पांसारखं झालं. आणि 'म्हणे'मध्ये एक गंमत आहे बाबा, त्यात ऐकीव आहे हे तर येतंच पण बोलणाऱ्याचा विश्वास नाही असाही वास येतो. परंपरा म्हणजे खोटं असं मला कुठेच सुचवायचं नाहीये. शेवटी 'कागद सांगतो' आणि 'लोक सांगतात' या दोन सुरुवाती ठरवल्या, आणि एका खात्यातली तीनचार वाक्यं सलग ठेवली, म्हणजे दर ओळीला पाटी बदलायला नको.

जन्मावरच पहिला अडथळा आला. काशीत मोरोपंत तांब्यांच्या घरी मणिकर्णिका जन्मली इथपर्यंत ठीक, पण साल? कोणी १८२८ सांगतं कोणी १८३५, आणि १९ नोव्हेंबर ही तारीख दोन्हीकडे तीच. लग्न १८४२ चं धरलं तर नवरी एका हिशोबात तेरा-चौदा वर्षांची आणि दुसऱ्यात सहा-सात. साल आणि तारीख दोन्हीपुढे 'प' लिहिलं आणि पुढे गेले. दत्तकविधानाला मात्र काहीच त्रास नाही, २० नोव्हेंबर १८५३ ला गंगाधररावांनी पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, कंपनीचे अधिकारी समोर हजर होते, दुसऱ्या दिवशी गंगाधरराव गेले. पत्रव्यवहार आहे, ठसठशीत 'नों'.

आता खरी मजा. 'मेरी झाँसी नहीं दूंगी' या वाक्यापुढे मी डोळे झाकून 'प' लिहिलं होतं. एवढं नाटकी वाक्य, नक्की नंतर कोणीतरी तोंडी घातलं असणार असं मला वाटलं. तर ते कागदावर निघालं! आणि कागद लिहिणारा माणूस आमच्या इथला, जॉन लँग, सिडनीजवळच्या पॅरामाटात १८१६ ला जन्मलेला, मी शनिवारी भाजी आणायला जाते ते पॅरामाटा. हिंदुस्थानात वकिली करायचा, पेपर चालवायचा, कादंबऱ्या लिहायचा. १८५४ मध्ये डलहौसीने झाशी खालसा केल्यावर राणीसाहेबांनी त्याला सल्ल्यासाठी बोलावून घेतलं. (२०१४ ला मोदी इथे आले तेव्हा त्याने राणीसाठी केलेल्या अर्जाची प्रत इथल्या पंतप्रधानांना भेट दिली होती, तेव्हा मी बातमी वाचून सोडून दिलेली.)

त्याने ती भेट लिहून ठेवलीय. आत जाताना बूट काढायला सांगितले तर हा म्हणाला काढतो पण टोपी डोक्यावर राहील. राणी पडद्याआड, मध्येच दत्तक घेतलेल्या लहान दामोदरने पडदा बाजूला केला आणि याला ती क्षणभर दिसली. मध्यम उंची, जराशी जाड, डोळे फार सुंदर, अंगावर साधं पांढरं वस्त्र. आवाज मात्र याला अजिबात आवडला नाही, रडका आणि घोगरा याच्या मधला काहीतरी म्हणतो. आई, हे मी रेडिओवर वाचलं की फोन येणार बघ! पण कागद म्हणजे कागद, आवडेल तेवढाच घ्यायचा असं कसं चालेल. वय त्याने सव्वीस-सत्तावीस अंदाजलंय, म्हणजे जन्म १८२८ च्या आसपास येतो, पण पडद्याच्या फटीतून एका परक्या पुरुषाने केलेला अंदाज, म्हणून मी जन्माचा 'प' काही बदलला नाही.

आणि ते वाक्य. आपल्या डोक्यात चित्र काय, तर भर दरबारात इंग्रज अधिकाऱ्यासमोर तलवारीवर हात ठेवून. लँगच्या लिखाणात ती स्वतःच्या वकिलाला ते बोलतेय. त्याने सल्ला दिला की राज्य परत मिळवण्यासाठी वर अर्ज करा आणि तोपर्यंत सरकार देतंय ती पेन्शन निषेध नोंदवून घेत राहा. (महिना ५,००० रुपये ठरली होती.) त्यावर ती उसळून म्हणाली, झाशी देणार नाही. मग हा रात्री दोन वाजेपर्यंत समजावत बसला आणि बाकी सगळं तिने ऐकलं, पेन्शन मात्र घेणार नाही म्हणाली ती म्हणालीच. मला तर हे दरबाराच्या सीनपेक्षा जास्त आवडलं, पडद्यामागे मध्यरात्री वकिलाशी हुज्जत घालणारी पंचविशीतली विधवा. तर स्क्रिप्टमध्ये वाक्याला 'नों', दरबाराला 'प'. एक पुरवणी मात्र जोडली, की साक्षीदार एकटाच आहे, आणि पुस्तक छापलं १८५९ ला, म्हणजे तोपर्यंत राणी इंग्रजांशी लढून गेलेली होती आणि तिच्यावरचं काहीही खपत होतं. तेव्हा शब्द असेच्या असे होते का याची हमी नाही.

बरोबर उलटं झालं घोड्याच्या उडीचं. बाबा, तुम्ही आम्हाला झोपवताना सांगायचात ती गोष्ट, पाठीला बाळ बांधून किल्ल्यावरून घोडा खाली, आणि दादा पलंगावरून गादीवर उडी मारायचा. याला मी 'नों' धरून चालले होते कारण झाशीच्या किल्ल्यात ती जागाच दाखवतात. पण जागा दाखवतात म्हणजे पुरावा नाही, गोष्ट आधी आणि पाटी नंतर असंही असू शकतं. म्हणून ते एकच वाक्य मी तुकड्या तुकड्यांनी तपासलं.

राणी ४ एप्रिल १८५८ च्या रात्री किल्ल्यातून निसटली, नोंद. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेच्या कागदांत आहे आणि दुसऱ्या दिवशी किल्ला त्यांना रिकामा मिळाला. घोड्यावरून गेली, नोंद, कारण पाठलागावर गेलेला एक लेफ्टनंट भांडेरजवळ जखमी होऊन परत आला, तिथे तंबूत अर्धवट टाकलेला नाश्ता सापडल्याचंही इंग्रजी लिखाणात येतं. दामोदर बरोबर होता, हेही पक्कं. पण 'बाळ'? १८५३ ला पाच वर्षांचा होता म्हणजे आता नऊ-दहा वर्षांचा झाला. पुतळ्यांत असतं तसं तान्हं मूल नव्हे, आपल्या अंगणात क्रिकेट खेळतात तेवढा मुलगा! गोष्ट सांगता सांगता मूल लहान होत गेलं. मागे बसवलं असेल, बांधलंही असेल, पण चित्रातलं बाळ परंपरेचं. आणि तटावरून उडी, ती पूर्ण परंपरा. तेवढ्या उंचीवरून उडी मारलेला घोडा नंतर रातोरात कोसच्या कोस धावेल हे घोडा पाळणाऱ्या कुणालाही विचारा.

एका वाक्यात तीन 'नों' आणि दोन 'प', आता हे ऐकणाऱ्याला कसं सांगायचं? मी आधी तुमचीच गोष्ट जशीच्या तशी सांगणार आहे, 'लोक सांगतात' म्हणून, आणि मग म्हणणार, आता यातलं काय काय कागदावर सापडतं ते बघू. गोष्ट मोडायची नाही, आधी पूर्ण ऐकवायची.

आता तुमच्यासाठी काम. आपल्या कपाटात वरच्या फळीवर 'माझा प्रवास' आहे ना, वरसईच्या गोडसे भटजींचं? आपल्या पेण तालुक्यातला माणूस, दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकला. मला वाटलं आता मराठी साक्षीदारच मिळाला, सगळं 'नों'. पण हेही सरसकट चालत नाही. एक तर त्यांनी ते लिहिलं पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतून. दुसरं, १९०७ ला चिं. वि. वैद्यांनी छापलं तेव्हा बरीच काटछाट आणि फेरफार केले, मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ ची. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, भटजी त्या क्षणी स्वतः कुठे उभे होते? राणी निसटली त्या रात्री ते शहरात जीव मुठीत धरून होते, राणीच्या शेजारी नव्हते, तेव्हा त्या रात्रीचं त्यांचं वर्णन ऐकीव. पण पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना राणी भेटली, धुळीने माखलेली, तहानलेली, पठाणी वेषात. हे पाणी काढून द्यायला पुढे झाले तर तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, मीच काढते म्हणाली आणि मातीच्या मडक्यातून ओंजळीने प्यायली. मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला काय गरज होती याची, असंही बोलली. हे त्यांनी स्वतः पाहिलेलं. एकाच पुस्तकातली दोन पानं, एक 'प' जवळ जाणारं आणि एक 'नों' मध्ये.

तर बाबा, विहिरीच्या त्या पानाचा आणि पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढून पाठवा, म्हणजे आपली प्रत वैद्यांची का पोतदारांची ते कळेल. शब्द वेगळे असतील तर मला पोतदारांचेच वाचायचेत. अंगठा मध्ये येऊ देऊ नका, मागच्या वेळी अर्धं पान अंगठाच होता.

शेवट छोटाच ठेवलाय. ग्वाल्हेरजवळ कोटा की सरायची लढाई १७ जून १८५८, नोंद. पुण्यतिथी आपण १८ ला करतो. रोजने पत्रात लिहिलंय की ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली चिंचेच्या झाडाखाली तिला अग्नी दिला आणि तिची राख त्याने पाहिली. लोक सांगतात की गंगादास बाबाच्या मठापाशी गवताच्या गंजीवर घाईघाईत दहन केलं. ही दोन्ही मी एकापाठोपाठ वाचणार, मध्ये काही न बोलता.

आई, तुझ्या भिशीच्या बायकांना रेकॉर्डिंग ऐकवशील तेव्हा त्या आवाजाच्या वाक्याआधी जरा खोकून घे. दादाला सांग, घोडा मी जिवंत ठेवलाय. फोटो गुरुवारपर्यंत पाठवा, शनिवारी रेकॉर्डिंग आहे.

तुमची,
मनू

(नाव तुम्हीच ठेवलंत, आता भोगा.)