चुंबक शेवटी द्यायचा

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय सुजाता,

तुझं पत्र परवा मिळालं. चौथीच्या मुलांच्या हाती चुंबक पडला की ती टाचण्यांचे झुपके करत बसतात, तास संपतो आणि हाती काही लागत नाही, असं तू लिहिलंस. आमच्या वर्गात या धड्याला मी काय करते ते सविस्तर लिहिते. तुझ्याकडे सामान कमी असलं तरी जमेल.

मुख्य गोष्ट एकच आहे. चुंबक शेवटी द्यायचा. आधी ट्रे, मग अंदाजकार्ड आणि मग चुंबक.

चार मुलांचा एक गट आणि गटाला एक ट्रे. ट्रे प्लास्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा असावा. स्टीलचं ताट नको, चुंबक त्यालाच जाऊन बसू शकतो आणि मुलं गोंधळतात. ट्रेमधल्या वस्तू निवडताना मी एका समजुतीवर नेम धरते. 'धातू असला की चिकटतो' असं बहुतेक मुलांच्या मनात पक्कं असतं. खोडरबर, लाकडी पट्टी आणि खिळा एवढंच ठेवलं तर ती समजूत आणखी घट्ट होते, कारण सगळे अंदाज बरोबर येतात. म्हणून मी जोड्या ठेवते. एक रुपयाचं नाणं आणि पाच रुपयांचं पिवळं नाणं. सोनेरी सेफ्टी पिन आणि पितळी घुंगरू. स्टीलचा स्वस्तातला चमचा आणि जेवणाच्या डब्याचं झाकण. वर थोडी तांब्याची तार, पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणि प्लास्टिकचं आवरण असलेली यू क्लिप. बस, एवढंच.

कार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा जाड कागद. वर वस्तूचं चित्र, खाली तीन जागा: मला काय वाटतं, का वाटतं, काय झालं. पहिल्या दोन जागा भरून गटातल्या चौघांची कार्डं टेबलावर पालथी पडली की मगच मी त्या गटाला चुंबक देते. लिहायला पेन. पेन्सिल दिली की निकाल कळल्याबरोबर मुलं अंदाज खोडून बरोबर उत्तर लिहितात, आणि मग मूल आधी काय समजत होतं ते आपल्याला कधीच कळत नाही. चुकलेल्या अंदाजाला लाल खूण करायची नाही. 'का वाटतं' ही जागा मात्र रिकामी सोडू देत नाही. 'चमकतं म्हणून', 'जड आहे म्हणून', 'आजीकडे असंच आहे आणि ते चिकटतं' अशी कारणं येतात, आणि पुढचा सगळा तास त्या कारणांवरच चालतो.

नाण्यांपाशी वर्ग पहिल्यांदा अडतो. एक रुपया चुंबकाला जाऊन चिकटतो, पाच रुपये ढिम्म. मुलांचा पहिला तर्क असतो की पाचाचं जड आहे म्हणून उचललं जात नाही. मग नाणं उचलायचं नाही, टेबलावर ठेवून चुंबक बाजूने आणायचा. जरासुद्धा सरकत नाही, म्हणजे वजनाचा प्रश्न नाही हे त्यांचं त्यांनाच दिसतं. हल्लीची एक आणि दोन रुपयांची नाणी लोखंड आणि क्रोमियमच्या पोलादाची असतात. पाचाचं पिवळं नाणं तांबं, जस्त आणि थोड्या निकेलचं. त्यात लोखंड नाही. सेफ्टी पिनही पिवळीच, पण ती आतून पोलादी आणि वरून मुलामा दिलेली, म्हणून चिकटते. 'रंगावरून कळत नाही' हे वाक्य मुलांच्या तोंडून यायला एवढी एक जोडी पुरते.

चमचा आणि झाकण यांना मी सगळ्यांत जास्त वेळ देते. दोन्ही स्टीलचे, पण चमचा चिकटतो आणि झाकण चिकटत नाही. इथे 'स्टील चिकटतं का?' याला हो किंवा नाही असं उत्तरच देता येत नाही. बऱ्याच भांड्यांच्या स्टीलमध्ये लोखंड आणि क्रोमियमबरोबर निकेल मिसळलेलं असतं. त्यामुळे अणूंची मांडणी बदलते आणि लोखंड भरपूर असूनही चुंबक त्याला ओढत नाही. स्वस्त चमच्यांत सहसा निकेल घालत नाहीत, म्हणून ते ओढले जातात. मुलांना अणू सांगायची गरज नाही, 'स्टील म्हणजे मिश्रण, आणि मिश्रण वेगवेगळं असतं' एवढं बस होतं. पण हे तुला ठाऊक असू दे, कारण एखादं चौकस मूल झाकणाच्या मुडपलेल्या कडेशी चुंबक नेतं आणि सांगतं, 'बाई, इथे थोडं ओढतंय.' ते बरोबर असतं. पत्रा जिथे दाबून वाकवलेला असतो तिथली मांडणी पुन्हा थोडी बदलते आणि तेवढ्याच जागी हलकं आकर्षण येतं. त्या मुलाला 'नाही, चिकटत नाही' असं म्हणून गप्प करू नकोस. कार्डावर 'कडेला थोडं' असंच लिहू दे.

आता ध्रुव. पट्टीचुंबकावर लाल-निळा रंग असतो, तो मी साध्या कागदाने झाकून टाकते. तसं केलं नाही तर मुलं 'लाल-निळं जमतं, लाल-लाल जमत नाही' असं रंगांचं गणित पाठ करतात आणि चकतीसारखा बिनरंगाचा चुंबक समोर आला की अडतात. टोकांची ओळख चुंबकालाच करून द्यायला लावायची. मध्यभागी दोरा बांधून चुंबक आडवा, मोकळा टांगायचा. पीळ नसलेला सुती दोरा घे. पिळाचा दोरा स्वतःच फिरत राहतो आणि चुंबकाला नाचवतो. हेलकावे थांबले की एक टोक उत्तरेकडे राहतं, त्यावर ठिपक्याची चिकटपट्टी.

उत्तर कुठे, हे आमच्याकडे सोपं आहे. एका बाजूला पारसिकचा डोंगर, म्हणजे पूर्व. दुसरीकडे खाडी, जिथे सूर्य मावळतो. खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात कळव्याकडे, ती उत्तर. मुलांना हात पसरून दिशा आधी ठरवू दे, चुंबक मग टांग.

वर्गात मात्र टांगू नकोस. आमचे बाक लोखंडी नळ्यांचे आहेत, खांबांत आणि जमिनीत सळ्या आहेत. एका गटाचा चुंबक खिडकीकडे तोंड करून थांबतो, दुसऱ्याचा फळ्याकडे, आणि दोन्ही गट आपलीच उत्तर खरी म्हणून भांडतात. त्यात चार गटांचे चुंबक जवळजवळ असले तर ते एकमेकांनाच वळवतात. म्हणून मैदानात, लाकडी स्टुलावर काठी आडवी ठेवून, गटागटांत भरपूर अंतर सोडून टांगायचा. हे मुलांना सांगताना मी अलिबागच्या वेधशाळेची गोष्ट सांगते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं आधी कुलाब्याला होत असत. मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या विजेने मोजमापं बिघडणार हे ओळखून 1904 साली ते काम अलिबागला नेलं. आजही त्या वेधशाळेचा कारभार ज्या संस्थेकडे आहे ती भारतीय भूचुंबकत्व संस्था इथेच, नवीन पनवेलला आहे. आपली सुई बाकामुळे चुकते आणि शास्त्रज्ञांना ट्रामसाठी जागा बदलावी लागते, यात मुलांना फार रस वाटतो.

ठिपके लागले की दुसरं कार्ड. दोन चुंबकांची ठिपक्याची टोकं समोरासमोर आणली तर काय होईल? इथे बरीच मुलं 'चिकटतील' असं लिहितात आणि कारण देतात, 'दोघं सारखे आहेत.' सारख्यांचं जमतं, हा त्यांचा अनुभव आहे. म्हणून टोकं एकमेकांना ढकलतात तेव्हा आश्चर्य खरं असतं. दोन्ही हातांत चुंबक धरून तो दाब प्रत्येक मुलाला स्वतः जाणवला पाहिजे, नुसतं पाहून चालत नाही. सजातीय, विजातीय हे शब्द मी त्यानंतरच फळ्यावर लिहिते.

तुला मी आग्रहाने करायला सांगेन तो शेवटचा डाव. सारख्या लांबीच्या तीन पट्ट्या: एक चुंबक, एक लोखंडी, एक ॲल्युमिनियमची. तिन्ही एकसारख्या कागदात गुंडाळून क, ख, ग अशी नावं द्यायची. मुलांच्या हातात एक ठिपक्याचा चुंबक. यातला चुंबक कुठला? पहिला हात लावला की दोन पट्ट्या चिकटतात, आणि मुलं म्हणतात, 'दोन चुंबक आहेत.' तेव्हा त्यांच्याकडून पूर्ण नोंद करून घे. ठिपक्याचं टोक प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांजवळ न्यायचं. मागच्या खेपेला एका गटाची नोंद अशी होती: क, दोन्ही टोकं ओढली गेली. ख, काहीच नाही. ग, एक टोक ओढलं, एक ढकललं. बराच वेळ चौघं कागदाकडे बघत होते. मग त्यांतली एक मुलगी म्हणाली, 'ढकलतोय तोच चुंबक. लोखंड ढकलू शकत नाही.' तेव्हापासून वर्गात 'ढकलून दाखव' हीच कसोटी झाली. ओढला जाणारा लोखंडही असू शकतो. ढकलणं दोन चुंबकांतच होतं.

यात एक अडचण येते, ती आधी सांगून ठेवते. मुलांच्या हातातला चुंबक जोरदार आणि कागदातला अशक्त असेल, तर अगदी जवळ नेल्यावर सारखी टोकंसुद्धा चिकटतात, कारण जोरदार चुंबक अशक्ताच्या टोकाला स्वतःला हवं तसं बनवतो. मग ग-ची नोंद 'दोन्ही टोकं ओढली' अशी येते आणि सगळं उलटंपालटं होतं. उपाय सोपा आहे. ग पट्टी दोन गोल पेन्सिलींवर ठेवायची आणि चुंबक लांबून हळूहळू आणायचा. पट्टी पहिल्यांदा कुठे सरकते तेच लिहायचं. शिवाय आदल्या दिवशी सगळे चुंबक एकमेकांशी ताडून पाहा. कपाटात कसेही टाकलेले, पडून आपटलेले चुंबक कमजोर होतात. ठेवताना जोडीने ठेव, विरुद्ध टोकं शेजारी येतील असे, आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचा तुकडा लाव.

आणि मण्यांसारखे ते छोटे, फार जोरदार चुंबक वर्गात आणूच नकोस. एखाद्या मुलाने दोन गिळले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं फाटू शकतं. काळे फेराइटचे चुंबक आपल्याला पुरेसे आहेत.

मधे भोक असलेल्या फेराइटच्या चकत्या मी लॅमिंग्टन रोडवरून जास्तीच्या आणल्या आहेत, त्या आणि कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा तुझ्या भावाबरोबर पाठवते. चकत्या पेन्सिलीत ओवल्या की एकीवर एक तरंगतात. तिथे मुलांना विचार, याचे ध्रुव कुठे आहेत? सगळे कडेला दाखवतील. ते चपट्या बाजूंवर असतात. हे कार्ड भरलेलं मला परत पाठव, 'का वाटतं' या जागेत तुझ्या मुलांनी काय लिहिलं ते मला वाचायचं आहे.

काकूंना नमस्कार.

तुझी,
वैशाली