‘सर्वधर्मान्’मधले अनेकवचन

मा. संपादक,
स. न.

गीतेच्या १८व्या अध्यायातील ६६व्या श्लोकाचा अर्थ आपल्या अंकातील लेखात ‘सगळे धर्म सोडून माझ्या एकाच धर्मात ये’ असा दिला आहे. तो बरोबर नाही. पंथ या अर्थाने ‘धर्म’ हा शब्द आज आपण वापरतो. गीतेत तो तसा येत नाही. शिवाय श्लोकात ‘सर्वधर्मान् परित्यज्य’च्या पुढे ‘मामेकं शरणं व्रज’ आहे, म्हणजे शरण जायचे ते व्यक्तीला.

खरा वाद वेगळाच आहे. ‘धर्म’ म्हणजे कर्तव्य घ्यावे, तर याच अध्यायाचा ७वा श्लोक आडवा येतो. नेमून दिलेल्या कर्माचा मोहाने केलेला ‘परित्याग’ तामस, असे तिथे सांगितले आहे, आणि ६६मध्ये ‘परित्यज्य’ हाच धातू, त्याच उपसर्गासह आला आहे. भाष्यकारांची सगळी ओढाताण या गाठीपाशी आहे. शंकराचार्य धर्मात अधर्मही धरतात आणि सर्व कर्मांचा संन्यास असा अर्थ लावतात. ज्ञानेश्वर माउली त्याच्याही मुळाशी जाऊन, धर्मादिकांना जन्म देणारे अज्ञानच टाकायला सांगतात.

रामानुजाचार्य दोन अर्थ देतात. पहिला असा की कर्म करावे, पण फळ आणि कर्तेपण सोडावे. दुसरा फारसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्यात ‘धर्म’ म्हणजे कृच्छ्र, चांद्रायण यांसारखी प्रायश्चित्ते. चांद्रायणात चंद्रकलेबरोबर रोजचे घास वाढवत-घटवत महिना काढायचा. पौर्णिमेला १५ घास, अमावास्येला उपास. अनंत जन्मांच्या पापांना अशी व्रते करत बसायला मोजके आयुष्य कसे पुरणार? म्हणून ती सोड, पापांतून मी सोडवतो. या अर्थाने तिसऱ्या चरणातील ‘सर्वपापेभ्यः’ पहिल्या चरणाशी नेमके जुळते.

मला मात्र अनेकवचन महत्त्वाचे वाटते. लोकमान्यांनीही ‘गीतारहस्या’त ते धरले आहे. अहिंसा, दान, मातृपितृसेवा, यज्ञ, संन्यास असे मोक्षाचे जे निरनिराळे मार्ग शास्त्रांत सांगितले आहेत, ते इथले ‘धर्म’, असे ते म्हणतात. पण त्यासाठी गीतेबाहेर जायचीही गरज नाही. पहिल्या अध्यायात अर्जुनच ‘कुलधर्माः सनातनाः’ (१.४०) आणि ‘जातिधर्माः कुलधर्माश्च’ (१.४३) असे अनेकवचनात बोलतो. कुळाचा धर्म पाळावा तर क्षत्रियाचा मोडतो, म्हणून २.७मध्ये तो स्वतःला ‘धर्मसंमूढचेताः’ म्हणवतो. १.३६मध्ये त्याला धास्ती असते ती पापाची, आणि २.११मध्ये उत्तर सुरू होते ते ‘अशोच्यान्’ने. ६६व्या श्लोकात धर्म, पाप आणि ‘मा शुचः’मधला शोक हे तिन्ही एकत्र येतात, तेव्हा ते त्याच्या या तक्रारीचे उत्तर ठरते. सोडायचे आहेत ते आपसात भांडणारे हे धर्म. नेमून दिलेले काम नव्हे. म्हणूनच ७३व्या श्लोकात ‘करिष्ये वचनं तव’ म्हणून अर्जुन युद्धाला उभा राहतो, रणांगण सोडून जात नाही.

आपला,
एक वाचक