वेट लुकच्या रिटचिंगबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, फोटो रिटचिंग विभाग

विषय: मोकळे केस ओले आणि मागे चापून बसवलेले दाखवण्याचे काम सदोष असल्याबाबत

महोदय,

वडोदऱ्यात दांडिया बाजारात माझा पोर्ट्रेट स्टुडिओ आहे. एका मॉडेलच्या पोर्टफोलिओसाठी तिच्या मोकळ्या केसांचा वेट लुक करून द्यावा, म्हणून मी आपल्याकडे फोटो पाठवला होता. त्याच प्रकाशात केस बांधून काढलेली दुसरी फ्रेमही सोबत होती, कारण केसांआड गेलेला कान आणि कपाळाची कड कुठून तरी खरी घ्यावी लागते. ती फ्रेम कुणी उघडलेली दिसत नाही. कान अंदाजाने रंगवलाय आणि त्याची पाळी जबड्यात विरून गेली आहे.

खरा वैताग केसांचा. आपण केस गडद केले आणि त्यावर पांढऱ्या रेघा ओढल्या, बस. ओले केस फुगत नाहीत, डोक्याला चिकटतात. इथे मात्र डोक्याचा घेर जसाच्या तसा आहे. लिक्विफायने आधी केस दाबून आत घ्यायचे, मागे उघडी पडलेली पार्श्वभूमी भरायची, मग बटा घडवायच्या आणि चमक सगळ्यात शेवटी द्यायची. आपण शेवटापासून सुरुवात केली.

बटा तर झाल्याच नाहीत. पाण्याने केस एकमेकांना धरतात, त्यांच्या जाड बटा होतात आणि टोकाला त्या निमुळत्या होतात. दोन बटांमध्ये काळी फट पडते, कपाळाजवळ त्या फटीतून डोक्याची कातडी दिसते. आपल्या फोटोत केस नुकतेच विंचरल्यासारखे सुटे सुटे आहेत.

चमकेचे बघा. सॉफ्टबॉक्स डावीकडे होता, डोळ्यांतल्या ठिपक्यावरूनही ते कळते. तरी उजव्या बाजूला तेवढ्याच रेघा आहेत. ओल्या बटेवरची चमक अरुंद आणि कडेला स्पष्ट असते, बटेच्या उंचवट्यावर पडते आणि फट आली की तुटते. कानामागची आपली एक रेघ बटा, फटी, सगळ्यावरून सरळ गेली आहे. शिवाय गालावरची बट पुसलीत, पण तिची सावली तिथेच! ही तर ग्राहकाने लगेच दाखवली.

इतके करायचे होते तर मुलीच्या डोक्याला जेल लावून पुन्हा शूट करणे मला स्वस्त पडले असते.

हे काम मूळ फाइलवरून नव्याने करून द्यावे. ॲडजस्टमेंट लेयरसह PSD द्यावी आणि डॉज अँड बर्नचा लेयर वेगळा ठेवावा, म्हणजे चमक कमी-जास्त मला करता येईल. कानासाठी दुसरी फ्रेमच वापरावी. आठ दिवसांत हे जमत नसेल तर तसे स्पष्ट कळवून पूर्ण रक्कम परत करावी. आपली आणि मूळ, दोन्ही फाइल्स खुणा करून सोबत जोडल्या आहेत.

आपली,
एक स्टुडिओचालक
दांडिया बाजार, वडोदरा