उद्या लग्न, आणि तिच्या आई-बाबांना लिहिलेली चिठ्ठी

प्रिय दोस्ता,

साडेअकरा वाजलेत, हळद झाली, मांडवात अजून पोरांची बडबड चालू आहे आणि मी वरच्या खोलीत बसून तुला लिहितोय. बोटं पिवळी आहेत, मोबाईलच्या स्क्रीनला पण लागली. तुझं जहाज कुठल्या पोर्टला लागेल तेव्हा वाचशील, पण तू इथे असतास तर हे आज पडवीत बसून बोललो असतो ना रे.

आठ दिवसांपूर्वी भटजींकडे गेलो होतो, म्हटलं उद्या नुसतं त्यांच्या मागून म्हणायचं असेल तर निदान काय म्हणतोय ते कळू दे. त्यांनी कन्यादानाचं नीट सांगितलं. तिची आई तांब्यातून पाण्याची धार सोडणार, ती तिच्या बाबांच्या ओंजळीतून तिच्या ओंजळीत आणि तिथून माझ्या ओंजळीत, खाली काशाचं भांडं. मग बाबा मला म्हणणार की धर्मे च अर्थे च कामे च, म्हणजे धर्मात, पैशात आणि इच्छेत, हिला ओलांडून जायचं नाही. मी म्हणायचं, नातिचरामि. नाही ओलांडणार. असं तीनदा. मला वाटायचं हे वचन नवरा बायकोला देतो, पण विचारतो मुलीचा बाप आणि उत्तर त्यालाच द्यायचं असतं. ते डोक्यातून जाईना, म्हणून दोघांना चिठ्ठी लिहिली, काल संध्याकाळी जाऊन दिली.

तुला बाबांचे हात आठवतात का, साखरपुड्याला तू हात मिळवला होतास. बोटांची टोकं काळी, चिरा गेलेल्या. काजूच्या टरफलातलं तेल लागून कातडी भाजते तसे ते हात झालेत, मजूर परवडेनात तेव्हा दोन सीझन त्यांनी आणि आईंनी रात्री बसून स्वतः बिया फोडल्या, कारण हिची दापोलीची कृषी विद्यापीठाची फी भरायची होती. हिला तेव्हा सांगितलं नाही, सुट्टीत घरी आली तेव्हा बोटं बघून कळलं. चिठ्ठीत पहिलं तेच लिहिलं, की उद्या माझ्या ओंजळीवर जे हात असतील ते कशाने काळे झालेत हे मला माहीत आहे, त्यासाठी थँक्यू हा शब्द फार लहान पडतो.

मग तिन्ही गोष्टी लिहिल्या, नुसतं मी तिला सुखात ठेवीन असं लिहून काय कळणार त्यांना. अर्थ म्हणजे, काजूच्या शेडचं लोन अजून दोन वर्षं आहे, हिच्या पगारातले महिन्याला सहा हजार तिकडे जातात, ते तसेच जाणार, आमच्या घरी कोणी हिशोब विचारणार नाही, हे मी माझ्या आईसमोर आधीच बोललोय. काम म्हणजे इच्छा, तिला एमएस्सी करायचीय, आणि आमच्या आजीने वर्षात पाळणा हलू दे म्हटलं तेव्हा मी तिथल्या तिथे सांगितलं की ते हिने ठरवायचं. आजी दोन दिवस बोलली नाही, तरी मागे घेतलं नाही.

धर्माचं मात्र अडलो. त्यांची एकुलती एक मुलगी, गणपतीवरची फळापानांची माटवी दर चतुर्थीच्या आदल्या दिवशी तीच बांधते, लहानपणापासून. आपल्याकडे सून पहिल्या चतुर्थीला सासरी हवीच. दोन्ही घरं अर्ध्या तासावर, म्हणून लिहिलं की आदल्या दिवशी दुपारपर्यंत ती माटवी बांधायला तिकडे, रात्री आमच्याकडे, आणि आमचा दीड दिवसाचा गणपती पोचवला की आम्ही दोघं तुमच्या पाच दिवसांच्या गणपतीला. माझ्या आईला हे पटवायला मला तीन संध्याकाळी लागल्या, अजूनही ती पूर्ण खूश नाही, पण हो म्हणालीय.

आईंनी चिठ्ठी बल्बखाली उभं राहून वाचली, माटवीच्या ओळीपाशी आल्या आणि थांबल्या, पदर तोंडाला लावला. बाबांनी चष्मा नाही म्हणून त्यांनाच मोठ्याने वाचायला लावली. मी म्हटलं, बाबा, मला तो दान शब्द जड जातो, ती काय वस्तू आहे का द्यायला. तर म्हणाले, "दान बिन काय नाय रे, चेडू आमचाच रवतला. रागीष्ट आसा, पण खोटा कदी बोलाचा नाय, तू पण बोला नको." बस, एवढंच. मग आत गेले आणि माझ्यासाठी सोललेल्या ओल्या काजूंची वाटी घेऊन आले, सीझन संपत आला तरी माझ्यासाठी ठेवलेले.

उद्या ती धार पडेल तेव्हा रडू येईल असं वाटतंय, आलं तर येऊ दे. मुहूर्त दुपारी आहे, तू नसशील हे खूप टोचतंय रे.

चतुर्थीला सुट्टी मिळते का बघ. बाबांना आता डोंगर चढवत नाही, माटवीला बांधायची कवंडळाची फळं आणायला यंदा मला जायचंय, तू असलास तर सोबत जाऊ.

तुझाच